सात दशांश स्थळांची ज्येष्ठता

महसूल खात्यात चौतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या हाती कोणताही कागद दिला, तरी तो लागलीच वाचीत नाही. आधी तो कागदावरचा शिक्का पाहतो, मग सही, मग जावक क्रमांक, आणि एवढ्या चौकशीतून जो कागद सहीसलामत सुटेल त्याच्या मजकुराकडे उपकार केल्यासारखी नजर टाकतो. आमचे शेजारी रावसाहेब याच परंपरेतील असल्यामुळे, त्यांच्या शेंडेफळ कन्येचे एमएचटी-सीईटी या परीक्षेचे गुणपत्रक संगणकावरून छापून त्यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला तो गुणांचा नव्हे, तर त्यावर शाईची सही नाही याचा. दुसरा धक्का बसायला हवा होता तो आकड्यांचा. पण तो त्यांना बसलाच नाही, उलट ते हर्षभरित होऊन, एका हातात तो कागद आणि दुसऱ्या हातात एक किलो कंदी पेढ्यांची पेटी घेऊन, भर संध्याकाळी माझ्या ओसरीवर दाखल झाले.

“मास्तर, एक्क्याण्णव टक्के!” असे म्हणून त्यांनी पेटीची दोरी सोडावयास घेतली.

त्यांच्या मागोमाग त्यांची कन्या आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, घरातील वडीलधारे माणूस चारचौघांत चुकीचे इंग्रजी बोलत असताना मुलांच्या चेहऱ्यावर उमटते तशी एक सोशीक यातना होती. “बाबा, ते टक्के नाहीत,” ती म्हणाली. आणि बहुधा हे वाक्य ती सकाळपासून अकराव्यांदा म्हणत असावी. “काका, तुम्हीच सांगा ना यांना.”

मी महाविद्यालयात सव्वीस वर्षे संख्याशास्त्र शिकविले. त्या अवधीत शततमक म्हणजे काय, ज्याला आता सारेच जण पर्सेंटाईल म्हणतात ते काय, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु ते सारे ज्यांना परीक्षेत तोच प्रश्न येण्याची धास्ती होती अशांपुढे लिहिले होते. ज्याला धास्ती नाही, जो प्रसन्न आहे आणि ज्याच्या हातात पेढे आहेत, अशा मनुष्याला शततमक समजावून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला, आणि हे काम किती निराळ्या प्रतीचे आहे याची कल्पना मला पहिल्या पाच मिनिटांतच आली.

मी कागद हाती घेतला. एकूण या रकान्यात ९१.४१९३९१४ असा आकडा होता, आणि त्याच्या वर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचे तीन आकडे, तेही सात सात दशांश स्थळांची शेपटी मिरवणारे. “रावसाहेब,” मी विचारले, “या एक्क्याण्णवाचा अर्थ तुम्ही काय लावलात?”

“अर्थ काय लावायचा? सरळ आहे. पैसेवारी,” ते म्हणाले. “शंभर पैशांत एक्क्याण्णव पैसे पीक. आमच्या तालुक्यात इतकी पैसेवारी एखाद्याच साली लागायची.”

उपमा इतकी चोख होती की ती मोडताना मला वाईट वाटले. गावचे पीक प्रमाण उत्पन्नाच्या किती पट आले ते पैशांत सांगायचे, आणि ते पन्नास पैशांच्या खाली गेले की टंचाईचे अहवाल सुरू करायचे, हा ज्याचा जन्माचा व्यवसाय, त्याला शंभरापैकी कोणताही आकडा पिकाच्या भरघोसपणाचाच वाटणार. पण पैसेवारी पिकाची पिकाशी तुलना करते. शेजारच्या गावात पूर आला की दुष्काळ पडला याने आपल्या गावची पैसेवारी बदलत नाही. शततमकाचे सारे शेजारच्या गावांवरच अवलंबून असते.

“खरे गुण किती आहेत?” मी मुलीकडे वळून विचारले. परीक्षेनंतर उमेदवाराला त्याने दिलेली उत्तरे व अधिकृत उत्तरसूची संगणकावर पाहावयास मिळते, आणि हुशार मुले त्यावरून आपला हिशेब आपणच करून ठेवतात. तिनेही केला होता. “एकशे चार,” ती हळूच म्हणाली.

“किती पैकी?” रावसाहेबांनी विचारले.

“दोनशे.”

ओसरीवर शांतता पसरली. भौतिकशास्त्राचे पन्नास व रसायनाचे पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन दोन गुणांचे, मिळून दोनशे गुण; त्यांपैकी एकशे चार म्हणजे किती, हे तोंडी काढावयास महसूल खात्यातील माणसाला कागद लागत नाही. “बावन्न!” रावसाहेब उद्गारले. “म्हणजे पीक बावन्न पैसे! तीन पैसे कमी पडते तर टंचाई जाहीर झाली असती!” आणि त्यांचा पेटीच्या दोरीवरील हात आपसूक थांबला.

येथे मी एक गोष्ट सांगितली असती तर त्यांचा खेद वाढला असता, म्हणून तेव्हा सांगितली नाही, वाचकांना सांगतो. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापीत नाहीत, आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. तेव्हा एखाद्याने प्रश्न न वाचता, डोळे मिटून, प्रत्येक वेळी कुठल्यातरी पर्यायावर बोट ठेवले, तरी त्याच्या पदरात सरासरीने दोनशेपैकी पन्नास गुण पडतील. म्हणजे या शेतात नुसता दगड ठेवला तरी पंचवीस पैसे पीक येते. आणि म्हणूनच नुसते गुण पाहून कोणाला किती येते हे सांगणे, विशेषतः एकट्या माणसाचे गुण पाहून, धाडसाचे असते.

एकाच कागदाने एका माणसाला दहा मिनिटांच्या आत सुकाळ आणि दुष्काळ असे दोन्ही दाखविल्यावर त्याची जी मनःस्थिती होते ती शिकविण्याच्या दृष्टीने फार अनुकूल असते. मी पैसेवारीचा नाद सोडून रावसाहेबांच्या आयुष्यातील दुसरा, अधिक जिव्हाळ्याचा दस्तऐवज काढला. “रावसाहेब, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा जिल्ह्यातल्या अव्वल कारकुनांच्या ज्येष्ठतायादीत तुमचा नंबर कितवा होता?”

“सातवा,” त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले. लग्नाची तारीख विचारली असती तर एवढ्या तत्परतेने उत्तर आले असते की नाही, शंका आहे.

“आणि यादीत एकूण किती?”

“चाळीस.”

“म्हणजे तुमच्या वर सहा. बाकीचे चौतीस, त्यांत तुम्ही स्वतः धरून, तुमच्या जागी किंवा तुमच्या खाली. चाळिसांत चौतीस, म्हणजे शंभरांत पंचाऐंशी. हे तुमचं पर्सेंटाईल. आता मला सांगा, तुम्ही पंचाऐंशी टक्के काम करीत होता, असा याचा अर्थ होतो का?”

रावसाहेब हसले. “मास्तर, ज्येष्ठतायादीला कामाशी काय देणंघेणं? यादी फक्त एवढंच सांगते की कोण कोणाच्या पुढे.”

शततमकाची याहून निर्दोष व्याख्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. पुढचे सारे सोपे होते. त्यांच्या कन्येच्या कागदावरील एक्क्याण्णव पूर्णांक काही दशांश ही मिळालेल्या गुणांची टक्केवारी नसून, तिने ज्या सत्रात परीक्षा दिली त्या सत्रातील दर शंभर उमेदवारांपैकी किती जणांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, याची ती नोंद आहे. बावन्न हे तिने काय केले ते सांगते. एक्क्याण्णव हे इतरांनी काय केले ते सांगते.

“पण ‘तिच्याइतके किंवा कमी’ यातलं ‘तिच्याइतके’ कशाला?” रावसाहेबांच्या कारकुनी नजरेने बरोबर नेमका शब्द धरला. “म्हणजे तिला स्वतःलाच स्वतःच्या मागे मोजायचं?”

मोजायचे, कारण नियमच तसा केला आहे. आणि त्याचा परिणाम असा होतो की प्रत्येक सत्रात जो सर्वांत पुढे असेल त्याला, त्याचे गुण एकशे नव्वद असोत की एकशे साठ, नेमके शंभर मिळतात, कारण झाडून सारे जण त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी असतात. याच न्यायाने एखाद्या परीक्षेला एकच उमेदवार बसला तर तो काहीही लिहो अथवा न लिहो, त्याला शंभर मिळतील, असेही मी ओघात बोलून गेलो.

रावसाहेबांचा चेहरा एकाएकी गंभीर झाला. “मास्तर,” ते म्हणाले, “फार वर्षांपूर्वी मी खात्याची एक परीक्षा दिली होती. केंद्रावर मी एकटाच होतो. पर्यवेक्षक दोन, शिपाई एक आणि उमेदवार मी. आणि मी नापास झालो.” थोडा वेळ ते समोरच्या तुळशीकडे पाहत राहिले. “शंभर पर्सेंटाईल!” ते पुटपुटले, आणि इतक्या वर्षांनी त्या जखमेवर जी फुंकर पडली तिचे श्रेय संख्याशास्त्राला आहे हे येथे नमूद करून ठेवतो.

जाता जाता या शब्दाच्या वडिलांचे नाव सांगणे अवश्य आहे. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८८४ साली लंडनच्या आरोग्यविषयक प्रदर्शनात एक प्रयोगशाळा थाटली होती. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्याने तीन पेन्स द्यायचे आणि आपली उंची, वजन, छातीतला दम, मुठीची ताकद, डोळ्यांची नजर हे सारे मोजून घ्यायचे. त्या हजारो मापांतून प्रत्येक माणूस लोकसमूहात कोठे उभा आहे हे सांगण्यासाठी त्याने दुसऱ्या वर्षी हा शब्द वापरात आणला. मुठीची ताकद सांगणाऱ्या त्या शब्दावर पुढे पोराच्या प्रवेशासाठी बापाच्या मुठी वळतील, याची त्याला कल्पना नसावी.

“बरं, ज्येष्ठतायादी कबूल,” रावसाहेब म्हणाले. “पण गुण सरळ छापायला यांच्या हाताला काय झालं होतं? एकशे चार लिहा, एकशे पाच लिहा, ज्याचे जास्त तो वर. एवढी आडवळणाची भाषा कशाला?”

हा प्रश्न मात्र मर्मावरचा होता. पूर्वी सारे उमेदवार एकाच दिवशी एकाच वेळी एकच प्रश्नपत्रिका सोडवीत, तेव्हा आडवळणाची गरजही नव्हती. परीक्षा संगणकावर गेली आणि पेच आला, कारण राज्यात उमेदवार लाखांवर आणि संगणक मोजके. तेव्हा परीक्षा अनेक दिवस, दिवसाला दोन सत्रांत घ्यावी लागते, आणि कालच्या सत्रातला मुलगा आजच्या सत्रातल्या मुलाला प्रश्न सांगेल म्हणून प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी काढावी लागते. दोन प्रश्नपत्रिका तोलाने अगदी सारख्या काढणे हे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. मंगळवारी सकाळी गणित सोपे गेले आणि गुरुवारी दुपारी तेच मुलांच्या उरावर बसले, तर मंगळवारच्या एकशे चाराला आणि गुरुवारच्या एकशे चाराला एका तराजूत घालणे हा उघड अन्याय होईल. म्हणून गुण बाजूला ठेवून, जो तो आपापल्या सत्रात कितवा ते पाहायचे, आणि मग सत्रांच्या याद्या त्या आकड्यावर एकत्र करायच्या.

“आणि हिच्या सत्रातच सगळे हुशार भरले असले तर?” रावसाहेबांनी विचारले. प्रत्येक पालक हा प्रश्न विचारतो, आणि प्रत्येकाच्या मनात आपल्याच मुलाचे सत्र असते. आपल्या मुलाच्या सत्रात सगळे मठ्ठ भरले होते काय, असे विचारणारा पालक मला अद्याप भेटावयाचा आहे.

उत्तर असे की ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे: कोणता उमेदवार कोणत्या सत्रात बसेल हे यदृच्छया ठरते, आणि सत्रात हजारो उमेदवार असतात, म्हणून एका सत्रात हुशार व दुसऱ्यात ढ अशी वाटणी होण्याचा संभव फार थोडा. पोत्यातून चार दाणे उचलले तर चारही किडके निघू शकतात. पायलीभर काढले तर किडक्यांचे प्रमाण पोत्यातल्यासारखेच येते. जेथे सत्रे लहान, किंवा एका प्रांताचे उमेदवार एका सत्रात कोंबलेले, तेथे हे गृहीत लंगडे होते आणि तक्रारीला जागा उरते. परंतु पायलीचा दृष्टांत रावसाहेबांना एकदम पटला, कारण लेव्हीच्या धान्याचे नमुने त्यांनी स्वतः काढले होते.

आता दशांशांकडे वळणे भाग होते, कारण रावसाहेब मघापासून त्या सात अंकी शेपटीवरून भक्तिभावाने बोट फिरवीत होते. “काय बारकाई आहे हो,” ते म्हणाले. “एक कोटीव्या हिश्श्यापर्यंत मोजलंय पोरीला. सोनारसुद्धा एवढं बारीक तोलत नाही.”

मी पाटी-पेन्सिल मागविली. सत्रात किती उमेदवार बसले ही संख्या या गुणपत्रकावर नसते, म्हणून मी ती माझ्या मनाने धरली. मात्र मास्तरकीच्या सवयीने अशी शोधून धरली की भागाकार तिच्या कागदाशी हुबेहूब जुळावा. समजा, सत्रात १५,८७३ उमेदवार. त्यांपैकी १४,५११ जणांचे गुण एकशे चार किंवा कमी. भागाकार करून शंभराने गुणले की ९१.४१९३९१४ येतात. “आता रावसाहेब, या यादीत एक माणूस म्हणजे किती? शंभराला १५,८७३ नी भागा. ०.००६३. म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळावर अख्खा माणूस संपला. त्याच्या पुढचे जे अंक आहेत ते माणसाचे कोणते अवयव मोजतात?”

“काहीच नाही,” रावसाहेब विचार करून म्हणाले. “ती भागाकाराची बाकी आहे. जमीन वाटताना एका आण्याचे बारा वारस निघाले की जी बाकी उरते, तसली.”

तसलीच. ती शेपटी ज्ञानाची सूक्ष्मता नव्हे; निरनिराळ्या सत्रांत उमेदवारांची संख्या निरनिराळी असल्याने भागाकार निरनिराळे निघतात, आणि शेपटी लांब ठेवली की दोन सत्रांतील दोन मुले एकाच आकड्यावर येऊन अडकत नाहीत, एवढाच तिचा उपयोग. याहून मौज पुढे आहे. समजा, त्या सत्रात नेमके एकशे चार गुण मिळालेली आणखी बाहत्तर मुले आहेत. मध्यावर गर्दी असते, तेव्हा हे काही फार नव्हे. आता कन्येचा एक गुण कमी पडता, तर ती त्या बाहत्तर जणांच्या मागे पडून १४,४३९ जणांत मोजली गेली असती, आणि कागदावर आले असते ९०.९६५७९१०. एका गुणाची किंमत जवळजवळ अर्धे शततमक! आणि या दोन आकड्यांच्या मध्ये, सात दशांश स्थळे असूनही, त्या सत्रातील कोणालाही, कितीही पुण्य केले तरी, मिळू शकेल असा एकही आकडा नाही. कारण एकशे साडेतीन गुण कोणालाच पडत नाहीत.

“म्हणजे एक्क्याण्णव आणि नव्वद यांच्यात हुशारीचा फरक फक्त एका गुणाचा?”

“इथं तेवढाच. वर गेलात की निराळं.” शततमकाच्या शिडीला शंभर पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर उभी माणसे सारखीच असतात, पण पायऱ्यांची उंची सारखी नसते. मधल्या गर्दीत एका गुणाने माणूस एखादी पायरी सहज ओलांडतो. अठ्ठ्याण्णवावरून नव्व्याण्णवावर जावयास मात्र दहा-पंधरा गुण कमवावे लागतात, कारण तेथे मुले विरळ आणि त्यांच्यातली अंतरे मोठी. त्यामुळे ‘गेल्या वेळी ऐंशी होते, आता नव्वद आले, पुढच्या खेपेस शंभर येतील’ हा हिशेब करणाऱ्या बापाला, शेवटचा कोस हा सपाटीवरचा नसून घाटातला आहे, हे कोणीतरी वेळीच सांगावे. रावसाहेबांना सांगावे लागले नाही. “आमच्या यादीत,” ते म्हणाले, “माझ्या आणि आठव्या नंबरच्या हजेरीत फक्त एका दिवसाचं अंतर होतं. सहाव्याच्या आणि माझ्यात चार वर्षांचं. पण यादीत सहा, सात, आठ. एकाखाली एक.”

इतके झाल्यावर मला वाटले की आता पेढ्याला हरकत नाही. पण रावसाहेबांनी खिशातून चष्म्याचे दुसरे घर काढले, ही आक्षेप नोंदविण्याची पूर्वसूचना होय. “मास्तर, बेरीज चुकली आहे,” ते म्हणाले. “हे पाहा. भौतिक शहाऐंशी. रसायन चौऱ्याऐंशी. गणित अठ्ठ्याऐंशी. दशांश सोडून दिले तरी सरासरी होते शहाऐंशी. आणि एकूण लिहिलंय एक्क्याण्णव. तिन्ही विषयांत जितके नाहीत त्याहून जास्त एकूणात! हा तर सरळ सरळ लेखापरीक्षणाचा मुद्दा आहे. आपल्या फायद्याची चूक असली तरी ती चूकच. उद्या वसुली निघाली तर?”

पालकांच्या आक्षेपांत हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, आणि सर्वांत कठीण. ज्येष्ठतेची सरासरी काढता येत नाही, हे त्याचे उत्तर. एकूणाचा आकडा तीन आकड्यांवरून काढलेला नसतो, तर तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज करून त्या बेरजेची नवी यादी लावून काढलेला असतो. पण हे वाक्य ऐकून कोणाचे समाधान झाल्याचे स्मरत नाही. म्हणून मी चार तलाठ्यांची गोष्ट रचली. मंडळात चार तलाठी. तीन कामांना दहापैकी गुण द्यायचे: शेतसाऱ्याची वसुली, पीकपाहणी आणि फेरफाराच्या नोंदी. पहिला वसुलीत वस्ताद, त्याला नऊ, पण पुढच्या दोहोंत चार आणि पाच. दुसरा पीकपाहणीत नऊ, वसुलीत पाच, फेरफारात चार. तिसरा फेरफारात नऊ, बाकी चार आणि पाच. आणि चौथा, ज्याला कशातच वस्ताद म्हणता येणार नाही, त्याला तिन्हीत सात, सात, सात.

रावसाहेबांनी पाटीवर तक्ता मांडला, रकाने आखले, आणि बेरीज केली. “पहिला अठरा, दुसरा अठरा, तिसराही अठरा. चौथा एकवीस.”

“चौथा प्रत्येक कामात कितवा?”

“दुसरा. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी त्याच्या पुढे आहेच.”

“म्हणजे प्रत्येक कामात त्याचं पर्सेंटाईल पंचाहत्तर. आणि एकूणात?”

रावसाहेब पाटीकडे पाहत राहिले. “पहिला,” ते शेवटी म्हणाले. “शंभर.” तीन वेळा पंचाहत्तर आणि एकूण शंभर, ही गोष्ट त्यांनी आपल्या हाताने आखलेल्या रकान्यांतून निघाल्यामुळे नाकारण्याची सोय उरली नव्हती. मुलीपुढे भौतिकात जे होते तेच सगळे रसायनात तिच्या पुढे नव्हते; जो गणितात चमकला तो रसायनात घसरला; आणि ती आपली तिन्ही विषयांत दमदार पावले टाकीत बेरजेत पुष्कळांना मागे टाकून गेली. “असला एक तलाठी होता आमच्याकडे,” रावसाहेब आठवणीत शिरत म्हणाले. “त्याला कधी पारितोषिक मिळालं नाही. पण दप्तर कधी अपुरं सापडलं नाही.” कन्येकडे त्यांनी त्या दिवसात प्रथमच काहीशा आदराने पाहिले.

शेवटचा प्रश्न तिनेच विचारला, आणि तो मला नको होता. “काका, पण मग राज्यात माझ्या पुढे किती जण असतील?”

हे काढणे कठीण नाही, म्हणूनच ते क्रूर आहे. शंभरातून आपला आकडा वजा करायचा, आणि उरलेल्याने एकूण उमेदवारांना शेकड्यात गुणायचे. तीन लाख मुले बसली असे धरले, तर आठ पूर्णांक अठ्ठावन्न शतांश टक्के म्हणजे सुमारे पंचवीस हजार सातशे मुले तिच्या पुढे. रावसाहेबांनी पेढ्यांची पेटी पुन्हा मांडीवर ओढून घेतली. पण ताबडतोब मी हेही सांगितले की ही ढोबळ गणती आहे. त्या सातशांवर विसंबून कोणी काही ठरवू नये, आणि पंचवीस हजारांवरही जपूनच. पुढे असलेले सगळेच काही राज्याच्या प्रवेशफेरीत उतरत नाहीत. कोणी आयआयटी किंवा एनआयटीच्या वाटेने निघून जातो, कोणी दुसऱ्या शाखेकडे वळतो. आणि प्रवर्गांच्या जागांची यादी निराळी चालते. महाविद्यालयांचे म्हणून जे कटऑफ लोक तोंडपाठ करतात, ते महाविद्यालयाने आगाऊ ठरविलेली उंबरठ्याची उंची नसून, त्या फेरीत शेवटची जागा घेऊन आत गेलेल्या मुलाचा आकडा असतो. म्हणजे गाडी सुटल्यावर कळते की शेवटचा कोण चढला. गेल्या वर्षीचे कटऑफ हे गेल्या वर्षीच्या गाडीचे.

रावसाहेब बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी माझे पेन मागून घेतले, गुणपत्रक उलटे केले, आणि मागच्या कोऱ्या बाजूस, चौतीस वर्षांच्या सवयीने, वळणदार अक्षरात शेरा मारला: “सदर अंक गुण नसून ज्येष्ठता होय. दशांश स्थळे तीनच्या पुढे विचारात घेऊ नयेत. विषयवार सरासरी काढण्यात येऊ नये. माहितीस्तव सादर.” खाली तारीख घातली आणि, त्या कागदाला सकाळपासून ज्या गोष्टीची उणीव होती ती, शाईची सही, स्वतःचीच केली.

एवढ्यात भिंतीपलीकडे त्यांच्या घरी फोन वाजला. पुण्याहून मुलीचा मामा असावा. रावसाहेब तो घेण्यासाठी, कागद हाती घेऊन आणि घसा खाकरून, लगबगीने उठले. ज्येष्ठतायादीपासून सुरुवात करावी की तलाठ्यांपासून, याचा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. पण ते ओसरीची पायरी उतरतात तोच वहिनींचा आवाज आला. त्यांनी फोन आधीच उचलला होता.

“अरे, एक्क्याण्णव टक्के पडले!” वहिनी सांगत होत्या. “हो, हो, एक्क्याण्णव! नाही रे, हे कुठले घरात, हे पेढे वाटायला गेलेत.”

रावसाहेब पायरीवर थांबले. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि परत येऊन पेटीची दोरी सोडली.